इनोसिटॉलची गोळी घेताना: स्ट्रिपवरचा हिशेब, ४०:१ चं प्रमाण आणि सहा महिन्यांत काय दिसतं

कॉलेज रोडपासून नाशिक रोडपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये इनोसिटॉल मागितलं, तर काउंटरवर चार-पाच वेगवेगळ्या पट्ट्या येतात. सगळ्यांवर पीसीओएसचा, म्हणजे पाळी लांबवणाऱ्या हार्मोनच्या बिघाडाचा, उल्लेख असतो आणि दिसायलाही त्या सारख्याच असतात, आत मात्र मालात मोठा फरक असतो. मी औषधविक्रेती आहे आणि रोज या पट्ट्या हाताळते. ‘सहा महिने गोळ्या घेतल्या, काहीच झालं नाही’ असं सांगणाऱ्या मुलीची पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली, की बऱ्याच वेळा कारण तिथंच सापडतं. अभ्यासांत जेवढी मात्रा दिली गेली, तिचा जेमतेम चौथा भाग तिच्या पोटात जात असतो. म्हणून हा लेख मुख्यतः त्या बारीक अक्षरांविषयी आहे. गोळी नव्याने सुरू करणार असाल, तर याच क्रमाने जा.

आधी निदान पक्कं करा

‘सोनोग्राफीत पीसीओडी आलंय’ एवढ्यावर गोळी सुरू करू नका. प्रौढ स्त्रीत तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: पाळी अनियमित असणं, चेहऱ्यावर जाड केस, मुरुम किंवा रक्तात पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण असणं, आणि सोनोग्राफीत बीजकोषात लहान लहान पुटिका दिसणं. या तिसऱ्या खुणेऐवजी आता रक्तातल्या एएमएच या हार्मोनची तपासणीही चालते. वयात येऊन आठ वर्षंही झाली नसतील, तर सोनोग्राफीतल्या पुटिकांना निदानात धरतच नाहीत, कारण त्या वयात त्या सहज दिसतात. शाळा-कॉलेजातल्या मुलीला आईने परस्पर गोळी आणून देऊ नये, असं मला वाटतं ते याचसाठी.

दुसरं म्हणजे पाळी लांबण्याची बाकीची कारणं बाजूला काढायला हवीत. थायरॉइडसाठी टीएसएच आणि सोबत प्रोलॅक्टिन या दोन तपासण्या आधी होऊ द्या. थायरॉइड बिघडलेलं असेल, तर इनोसिटॉल कितीही घेतलं तरी पाळी जागेवर येणार नाही. साखरेचीही तपासणी करून घ्या. पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर बऱ्याचदा ठीक येते आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेल्या रक्तात गडबड दिसते, त्यामुळे डॉक्टरांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट लिहिली तर ती टाळू नका.

आणि पाळी येऊन ९० दिवसांवर गेले असतील, तर आधी घरी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा आणि मग स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. इतके दिवस पाळी न आल्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि ते वेळीच पडून जायला हवं. ते काम इनोसिटॉलवर सोडता येत नाही. खासगीत जाणं परवडत नसेल, तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये स्त्रीरोग विभाग आहे.

४०:१ म्हणजे काय

इनोसिटॉल हा साखरेसारखाच, पण चयापचयात वेगळं काम करणारा पदार्थ आहे. आपलं शरीर तो स्वतः बनवतं आणि डाळी, कडधान्यं, संत्रं-मोसंबी, खरबूज यांतूनही तो मिळतो. त्याची दोन रूपं इथे महत्त्वाची आहेत: मायो-इनोसिटॉल आणि डी-कायरो-इनोसिटॉल. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोहोचवण्यात दोघांचाही वाटा असतो. शिवाय बीजकोषात एफएसएच या हार्मोनचा निरोप पोहोचवण्याचं काम मायो करतं, म्हणजे बीज नीट वाढण्यासाठी तिथे मायो भरपूर लागतं.

शरीरातलं एक एन्झाइम मायोचं रूपांतर डी-कायरोत करतं आणि हे एन्झाइम इन्सुलिनच्या सांगण्यावरून चालतं. पीसीओएसमध्ये स्नायू आणि चरबी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते जास्त जास्त सोडतं. बीजकोष मात्र इन्सुलिनला दाद देणं थांबवत नाही. मग तिथलं एन्झाइम जोरात चालतं, मायो संपत जातं, डी-कायरो साठतं, बीज अर्धवट वाढून थांबतं आणि पुरुषी हार्मोन वाढतं. या साखळीबद्दल संशोधकांची मांडणी साधारण अशी आहे.

निरोगी स्त्रीच्या रक्तात या दोघांचं प्रमाण सुमारे ४० ला १ असतं. गोळीतलं ४०:१ तिथून आलं. २०१९ मध्ये इटलीतल्या एका अभ्यासात सात वेगवेगळी प्रमाणं एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा बीज बाहेर पडण्याच्या बाबतीत ४०:१ पुढे राहिलं आणि डी-कायरोचा वाटा जसा वाढला तसा फायदा घटला. मात्र त्या अभ्यासात एकेका गटात फक्त आठ स्त्रिया होत्या. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शक सूचनांमध्येही कुठलंही विशिष्ट प्रमाण किंवा मात्रा ठामपणे सुचवलेली नाही. मी गिऱ्हाइकांना ४०:१ सांगते, कारण ते शरीरातल्या प्रमाणाजवळचं आहे आणि जास्त डी-कायरोमुळे बीजाचा दर्जा खालावल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. बाळासाठी प्रयत्न करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पट्टी उलटी करा आणि दोन आकडे शोधा

पट्टीच्या मागे मायो-इनोसिटॉल किती मिलिग्रॅम आणि डी-कायरो किती मिलिग्रॅम, हे दोनच आकडे पाहायचे आहेत. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की प्रमाण मिळतं. पहिल्याला दिवसाच्या गोळ्यांनी गुणलं की रोजची मात्रा मिळते. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

अभ्यासांत सर्वांत जास्त वापरलेली मात्रा म्हणजे दिवसाला ४ ग्रॅम मायो-इनोसिटॉल: सकाळी २ ग्रॅम, संध्याकाळी २ ग्रॅम. ४०:१ ने हिशेब केला तर सोबत डी-कायरो दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी ५०. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक वेळच्या मात्रेत २०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडही असायचं.

आता दुकानात काय मिळतं ते पाहू. एका प्रकारच्या गोळीत ५५० मिलिग्रॅम मायो आणि १३.८ मिलिग्रॅम डी-कायरो असतं. ५५० भागिले १३.८ म्हणजे जवळपास ४०, प्रमाण अगदी बरोबर. पण दिवसाला दोन गोळ्या घेतल्या तर मायो मिळतं ११०० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा ग्रॅमसुद्धा नाही. ४ ग्रॅमच्या जवळ जायलाच दिवसाला सात गोळ्या लागतील, आणि ते कुणी करू नये, कारण त्याच गोळीत व्हिटॅमिन डी, क्रोमियम, फॉलिक ॲसिड असं बरंच काही भरलेलं असतं आणि तेही सातपट होईल.

हा ५५० चा आकडा उगीच आलेला नाही. इटलीतल्या काही चाचण्यांत इनोसिटॉल मऊ जिलेटिन कॅप्सूलमध्ये दिलं होतं. त्या कॅप्सूलमधून ते जास्त शोषलं जातं आणि सुमारे ६०० मिलिग्रॅममधून पावडरच्या २ ग्रॅमइतकी पातळी रक्तात येते, असं मोजमापात आढळलं होतं. म्हणून तिथे ५५० पुरेसं धरलं गेलं. आपल्याकडे तोच आकडा साध्या कडक गोळ्यांवरही दिसतो, पण मऊ कॅप्सूलचा तो हिशेब कडक गोळीला लागू होतो असं धरून चालता येत नाही. त्यामुळे हातात कडक गोळी असेल, तर मी ५५० म्हणजे ५५०च मोजते.

दुसऱ्या प्रकारात ५५० मायोसोबत १५० डी-कायरो असतं. भागाकार येतो साडेतीनच्या जरासा वर. म्हणजे हे ४०:१ नाही, आणि अशा चार गोळ्या घेतल्या तर डी-कायरो दिवसाला ६०० मिलिग्रॅम होतं. डॉक्टरांनी विचारपूर्वक लिहिली असेल तर त्यांना कारण विचारा आणि पुढचं ठरवा. स्वतःहून घेणार असाल, तर ही उचलू नका.

तिसऱ्या प्रकारात मायो ६०० आणि मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध ५०० मिलिग्रॅम एकत्र असतं. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे. यातलं मायो वाढवायचं म्हणून गोळ्या कधीही वाढवू नका. ४ ग्रॅमसाठी सात गोळ्या घेतल्या तर मेटफॉर्मिन साडेतीन हजार मिलिग्रॅम होईल, आणि ते रोजच्या कमाल मर्यादेच्या खूप वर आहे.

चौथा प्रकार पाकिटाचा किंवा डब्यातल्या पावडरीचा. एका सॅशेत २ ग्रॅम मायो आणि ५० मिलिग्रॅम डी-कायरो असेल, तर सकाळ-संध्याकाळ एकेक सॅशे घेतला की हिशेब पूर्ण होतो. पावडर पाण्यात सहज विरघळते आणि चवीला किंचित गोड लागते. डब्यातली पावडर घेतलीत तर घरच्या चमच्याच्या भरवशावर राहू नका, सोबतच्या स्कूपवर किती ग्रॅम लिहिलंय ते पाहा. डब्यावर नुसतं ‘इनोसिटॉल’ लिहिलेलं असेल, तर बहुधा ते फक्त मायो असतं. तेही चालतं. अनेक चाचण्या नुसत्या मायो आणि फॉलिक ॲसिडवरच झाल्या आहेत.

किंमत ताडताना पट्टीची किंमत पाहू नका, एका ग्रॅम मायोची काढा. १५ गोळ्यांच्या पट्टीत ५५० प्रमाणे सव्वाआठ ग्रॅम मायो असतं, आणि २ ग्रॅमच्या १० सॅशेंच्या खोक्यात २० ग्रॅम. पट्टी स्वस्त वाटते, पण असा भागाकार केला की चित्र बदलतं. ही उत्पादनं बहुतेक वेळा औषध म्हणून नाही, तर आहारपूरक म्हणून विकली जातात, तेव्हा खोक्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि मुदत दोन्ही पाहून घ्या.

सुरुवात कशी करायची

पहिला आठवडा फक्त संध्याकाळचे २ ग्रॅम घ्या, दुसऱ्या आठवड्यापासून सकाळचेही सुरू करा. ४ ग्रॅमपर्यंत बहुतेकींना काहीच त्रास होत नाही. थोड्या जणींना मळमळ, गॅस किंवा शौचास पातळ होतं, आणि हळूहळू वाढवलं तर तेही सहसा टळतं. पोटाचा खरा त्रास १२ ग्रॅम आणि त्याच्या वर दिसतो, आणि तिथवर जाण्याचं कारणच नाही. जेवणाआधी की नंतर, यावर फार डोकं शिणवू नका. रोज एकाच वेळी घेणं जास्त उपयोगी पडतं.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी चालू असेल, तर इनोसिटॉलच्या गोळीत आणखी व्हिटॅमिन डी आहे का ते डॉक्टरांना दाखवा. आमच्या काउंटरवर ही दुहेरी भर वारंवार दिसते.

काही जणींनी स्वतःहून सुरूच करू नये. बायपोलरसाठी लिथियम चालू असेल, तर लिथियमचा परिणाम काही अंशी शरीरातल्या इनोसिटॉलशी जोडलेला मानला जातो, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही मात्रा नको. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर साखर खाली येऊ शकते, म्हणून त्या डॉक्टरांना आधी कळवा. आणि लग्न झालेल्या, पण सध्या मूल नको असलेल्या बायकांना मी आवर्जून सांगते: पाळी यायच्या आधी बीज बाहेर पडतं. ‘माझी तर पाळीच येत नाही’ या भरवशावर राहिलात तर दिवस जाऊ शकतात. पहिल्या दिवसापासून साधन वापरा.

काय मोजायचं: एक उदाहरण

समजा सातपूरच्या एका कंपनीत काम करणारी २७ वर्षांची मुलगी आहे. वजन ७१ किलो, हनुवटीवर केस, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक. पाळीच्या तारखा अशा: १२ जानेवारी, २ मार्च, ७ मे. म्हणजे अंतर ४९ आणि ६६ दिवस. आधी ती ५५० ची गोळी दिवसाला दोनदा घेत होती. डॉक्टरांशी बोलून १० मेपासून तिने २ ग्रॅमचा सॅशे दोनदा सुरू केला.

पुढची पाळी आली २८ जूनला, ५२ दिवसांनी. इथेच बऱ्याच जणी निराश होऊन सोडतात. पण एका बीजाला अगदी लहान अवस्थेपासून पिकायला काही महिने लागतात, तेव्हा पहिल्या पाळीवरून काहीच ठरवता येत नाही. त्यानंतर पाळी आली ८ ऑगस्टला, ४१ दिवसांनी. मग १४ सप्टेंबरला, ३७ दिवसांनी. मग १९ ऑक्टोबरला, ३५ दिवसांनी. २८ चा आकडा तिने गाठला नाही आणि गाठायची गरजही नाही. प्रौढ स्त्रीत २१ ते ३५ दिवसांचं चक्र नियमितच धरतात.

पाळी आली म्हणजे बीज बाहेर पडलंच असं नसतं, म्हणून तिने एक तपासणी केली. प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या सुमारे आठवडाभर आधी मोजायचं असतं. आपल्याकडे चिठ्ठीवर सरसकट ‘२१ वा दिवस’ लिहिलेलं असतं, पण ते २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. हिचं आधीचं चक्र ३७ दिवसांचं होतं. १४ सप्टेंबरनंतर ३७ दिवस म्हणजे २१ ऑक्टोबर, त्याच्या सात दिवस आधी १४ ऑक्टोबर. त्या दिवशी रक्त दिलं आणि प्रोजेस्टेरॉन ८ नॅनोग्रॅम आलं. ३ च्या वर असलं की बीज बाहेर पडलं असं धरतात. २१ व्या दिवशी, म्हणजे ४ ऑक्टोबरला रक्त दिलं असतं, तर आकडा १ च्या आत आला असता आणि गोळी फुकट गेली असा चुकीचा अर्थ निघाला असता.

नोव्हेंबरमध्ये तिचं वजन ७० किलो होतं आणि हनुवटीवरचे केस होते तसेच होते. हा निकाल चांगलाच म्हणायला हवा. इनोसिटॉलकडून एवढंच मागावं. काही जणींची पाळी तीन ते सहा महिन्यांत जवळ येते, काही जणींत इन्सुलिन आणि पुरुषी हार्मोनचे आकडे थोडे खाली येतात. वजन त्याने उतरत नाही. केसांसाठी त्याच्यावर विसंबू नका: केसांची वाढ कमी व्हायला कुठल्याही औषधाला सहा महिने ते वर्ष लागतं आणि २०२३ च्या त्याच सूचनांमध्ये केस आणि पोटावरची चरबी यांसाठी इनोसिटॉलपेक्षा मेटफॉर्मिनचा विचार आधी करावा असं म्हटलंय. मेटफॉर्मिनने पोट जास्त बिघडतं, ही बाजू मात्र इनोसिटॉलची.

केव्हा थांबायचं, केव्हा बदलायचं

तीन महिन्यांनी कॅलेंडर उघडा. अंतर कमी होत असेल तर सहा महिने पूर्ण करा. काहीच हललं नसेल तर आधी मात्रा खरोखर ४ ग्रॅम आहे का, सकाळचा डोस दर दुसऱ्या दिवशी राहतोय का, हे तपासा. मात्रा बरोबर असूनही सहा महिन्यांत फरक नसेल, तर पुढे पैसे घालू नका. सगळ्यांना ते लागू पडत नाही. पाळी नियमित करण्यासाठी आणि केसांसाठी डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देऊ शकतात, साखरेची बाजू बिघडलेली असेल तर मेटफॉर्मिन.

मूल हवं असेल तर सहा महिने वाट पाहणं प्रत्येकीला परवडत नाही. पीसीओएसमध्ये बीज बाहेर पडावं म्हणून पहिली पसंती लेट्रोझोल या औषधाला आहे आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. वय ३५ च्या पुढे असेल, किंवा वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नसतील, तर इनोसिटॉलवर वेळ न घालवता थेट तिकडे वळा. प्रयत्न चालू असताना रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड पोटात जायला हवं. सॅशेत ते आहे का, हे पाहा, नसेल तर वेगळी गोळी घ्या.

फरक पडला असेल, तर सहा महिन्यांनंतर चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. इनोसिटॉल पीसीओएस मुळापासून घालवत नाही, त्यामुळे बंद केल्यावर काही जणींची पाळी पुन्हा लांबते. म्हणून बंद केलंत तरी पाळीच्या तारखा लिहिणं चालू ठेवा. आणि मध्येच दिवस राहिले, तर पुढची मात्रा घेण्याआधी सॅशेचं खोकं सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. आत नेमकं काय आणि किती आहे, हे त्यांना नावावरून कळत नाही, खोक्याच्या मागच्या बाजूवरून कळतं.